शामकलाचे चार खिळे

आमच्या सालेकशात शिलाई करणाऱ्या बाया पुष्कळ, पण ब्लाउज अंगाला बसला नाही तर लोक दाखवायला येतात ते आमच्या शामकलाकडे. शामकला म्हणजे माझी सून, योगराजची बायको. तिची गोष्ट मी सांगणार म्हटल्यावर ती म्हणाली, "मामाजी, थोडक्यात सांगा, न्हाई तर तुमी रेल्वेत भरती झाल्यापासून सुरू करता." आता थोडक्यात सांगणं मला कुठून जमणार? बत्तीस वर्षं रुळाची गँग केली, दोन गाड्यांच्या मधे जेवढा वेळ मिळेल तेवढ्यात गोष्ट सांगायची, गाडी आली की थांबायची, गेली की पुढे. ती सवय गेली नाही.

गोष्ट दोन हजार अठराची. गोंदियात बायांना शिलाई शिकवणारी एक संस्था आहे. तिथल्या नीतू मॅडम. त्यांचं म्हणणं असं, की सालेकसा, दरेकसा इकडच्या बाया गोंदियाला येऊ शकत नाहीत. घरचं सोडून, गाडी पकडून, संध्याकाळी परत, हे कोण करील? खुद्द शामकलानं लग्नाआधी असाच एक वर्ग अर्ध्यात सोडला होता. म्हणून मॅडमनी ठरवलं की मोबाइलवर एका-एका मिनिटाचे व्हिडिओ टाकायचे, बायांनी ते घरी पाहायचे, आणि महिन्यातून चार दिवस गावातच वर्ग भरवायचा. शिकवणारी गावातलीच हवी. शामकलाचं नाव आलं. अट एकच. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी बाराच्या ठोक्याला व्हिडिओ आला पाहिजे. त्या वेळी बाया जेवणं आटोपून बसलेल्या असतात, मोबाइल हातात असतो. रोज वेगळ्या वेळी आला तर कोणी वाट पाहत नाही.

"मैं व्हिडिओ का नंबर नहीं, आदत देखती हूँ," मॅडम म्हणाल्या. "सालेकसा में क्लास चाहिए ना तुम्हें? मग नियमित राहा. नाही तर क्लास गोंदियातच राहील."

शामकलानं उन्हाळ्यात सुरू केलं, आणि तीन आठवड्यांत तोंडावर पडली.

ती काय करायची, ऐका. मंगळवार उजाडला की सकाळी विचार करायची, आज काय दाखवू? भांडी घासता घासता विचार. मग दहाला मोबाइल डब्याला टेकवून उभा करायचा आणि शिवता शिवता बोलायचं. बोलायला गेली की हात थांबे, हात चालला की बोलणं थांबे. मधेच मालगाडी जायची. मग पुन्हा पहिल्यापासून. मधेच गिऱ्हाईक यायचं. अकराला जोडायला बसायची, तर मोबाइल म्हणायचा जागा नाही. बारा वाजून जायचे, एक वाजायचा. पहिल्या आठवड्यात दोन व्हिडिओ गेले, दुसऱ्यात एक, तोही संध्याकाळी. तिसऱ्यात लग्नसराईचे ब्लाउज आले आणि एकही गेला नाही.

मॅडमचा फोन आला तेव्हा मी ओसरीतच होतो. शामकला नुसतं "हो मॅडम, हो मॅडम" करत होती. फोन ठेवून म्हणाली, "पोळ्यानंतर पुन्हा एक डाव देतो म्हणतात. आठ हप्ते. एकही व्हिडिओ चुकला तर वर्ग गोंदियात."

योगराज म्हणाला, "सोड ना. कायले डोक्याला ताप करून राहिली?"

"तुमाले काय जाते? दरेकशाच्या सहा जणींनी नाव देलं आहे. त्याइले मी काय सांगू, माझ्याच्यानं घड्याळ पाहणं होत न्हाई म्हणून?"

योगराज चपला घालून बाहेर निघून गेला. तो तसा शहाणा आहे, माझ्यावर गेला नाही.

त्याच दिवसांत आमच्या वस्तीतली दीप्ती आली. ती अंगणवाडीत आहे. तिनं अंगणवाडीच्या बायांचे अठरा ब्लाउज टाकले होते, ते न्यायला आली. गठ्ठा मोजून म्हणाली, "वहिनी, अठरा ब्लाउज चार दिवसात? जादू करून राहिल्या काय?"

"जादू कायची? एक दिवस सगळे कापले. दोन दिवस मशीन चालवली. एक दिवस हुक अन् तुरपाई. एक कापा, एक शिवा, एक हुक लावा असं केलं असतं तर महिना गेला असता. दर वेळी कैची उचला, दर वेळी धागा बदला."

दीप्ती हसली. "मग व्हिडिओ काऊन एक-एक करता?"

मी तंबाखू मळत होतो, मळायचा थांबलो. शामकलाही थांबली. असं बघा, तीन माणसांचं घर, सगळ्यांना दिसत होतं, पण बोललं कोणी नाही. आमच्या गँगमध्ये चैतराम नावाचा मेट, म्हणजे मुकादम, होता, त्याला स्वतःच्या कपाळावरचा चष्मा अर्धा तास सापडत नव्हता आणि आम्ही बाराही जण त्याच्यासोबत शोधत होतो. तसं झालं.

त्या रविवारी शामकला वही घेऊन बसली. एका बैठकीत सहा व्हिडिओ लिहायचे, सोमवारी सकाळी सहाही काढायचे, बुधवारी जोडायचे, शुक्रवारी टाकायचे. सुरुवातीला दोन हप्त्यांचे सहा, मग दुसऱ्या हप्त्यापासून दर हप्त्याला तीन. या हप्त्यात केलेले पुढच्या हप्त्यात जाणार. टाकायचं म्हणजे बाजारात कॉम्प्युटरवाला आहे उदाराम, लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरतो, त्याच्याकडे मोबाइलचं कार्ड न्यायचं. त्याचं नेट पक्कं. तो व्हिडिओ चढवतो आणि तारीख-वेळ लावून ठेवतो, मग त्या दिवशी त्या वेळी तो आपोआप लोकांना दिसतो. आपण तेव्हा वावरात असलो तरी चालते. मला हे खरंच वाटेना. मी दोनदा विचारलं.

सोमवार आला. दोन खुर्च्यांवर फळी ठेवली, फळीवर मोबाइल आडवा, कॅमेऱ्याचा डोळा तेवढा फळीबाहेर, खाली टेबल. म्हणजे वरून नुसते हात आणि कापड दिसणार. ओसरी पूर्वेकडची, नऊ ते अकरा उजेड चांगला. फोन मधेच वाजू नये म्हणून तिनं ते विमानाचं बटण दाबलं. जुन्या साडीचे सहा तुकडे काढले, सगळे छत्तीस छातीचे. ब्लाउज सहा, व्हिडिओ सहा.

मी पाण्याचा तांब्या आणायला आत गेलो. आलो तर कचकच कैची चालू. तिनं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं होतं, मापं टाकली होती, खडूनं आखलं होतं, सगळं नीट. आणि पंधरा वर्षांच्या सवयीनं सहाही कापडं एकावर एक ठेवून एकाच झटक्यात कापून मोकळी झाली होती. अंगणवाडीचे कापले तसे.

कापून झाल्यावर तिनं कैची ठेवली, दुसऱ्या व्हिडिओसाठी बटण दाबायला हात वर केला आणि खाली टेबलाकडे पाहिलं.

"मामाजी."

"काय?"

"आता कापू काय?"

सहा ब्लाउज कापलेले, आणि कापण्याचा व्हिडिओ एक. बाकीच्या पाचांत दाखवायला अख्खं कापड उरलंच नव्हतं. मला हसू आलं, पण तिचं तोंड बघून मी ते तांब्यात बुडवलं.

शेजारची पार्वताबाई भिंतीवरून पाहत होती. ती पाहत नसते असा वेळ नसतो. म्हणाली, "एवढी हुशार टेलर अन् सगळ्यांचा एकदाच मुडदा पाडला."

"पार्वताबाई, तुमी आपली भाजी पाहा, करपून राहिली," शामकला म्हणाली.

तिनं तुकडे बाजूला सरकवले. मग वही ओढली आणि लिहिलेलं वाचू लागली. पहिल्या पानावर 'साधा ब्लाउज कसा कापायचा', दुसऱ्यावर 'कटोरी ब्लाउज कसा कापायचा', असं पूर्ण ब्लाउजचं लिहिलेलं. प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी भरलेलं.

"हे एका मिनटात मावणारच नव्हतं," ती म्हणाली. "मामाजी, बाया माझ्याकडं येतात तवा काय म्हणतात? ब्लाउज कसा कापू म्हणतात काय? न्हाई. गळा खांद्यावरून उतरते म्हणतात. काखेत मुंढ्याले चुण्या पडतात म्हणतात. बाही उलटी लागली म्हणतात."

आणि तिथंच तिनं पाच नवीन पानं लिहिली. एका व्हिडिओत एकच दुखणं. पहिल्या ओळीत दुखणं, बाया जसं बोलतात तसंच. मग तीन गोष्टी दाखवायच्या, तिनंच. शेवटी ब्लाउज दुकानात असते तशा बाहुलीवर घातलेला. अर्ध्या पानापेक्षा जास्त लिहायचं नाही, कारण अर्धं पान वाचायला बरोबर एक मिनिट लागतं. ते मी घड्याळ धरून मोजलं. आणि या पाच व्हिडिओंना अख्खं कापड लागणारच नव्हतं, कापलेलेच तुकडे लागणार होते. तेव्हा ती चूक झाली ते बरं झालं असं मी म्हणतो. शामकला म्हणत नाही.

दुसरी अक्कल अशी, की हात चालवताना बोलायचंच नाही. हातांचं वेगळं काढायचं, आवाज वेगळा भरायचा. आवाजासाठी मागची खोली, दाराला गोधडी टांगलेली. पण आमच्या घरापासून रूळ किती? ओरडलं तर ऐकू जाईल एवढा. मालगाडी गेली की भांडी वाजतात. इथे माझं काम आलं. प्रवासी गाडीचा टाइम मला पाठ, आणि मालगाडी येणार ते सिग्नल बघून कळते. मी अंगणात सिग्नलकडे तोंड करून उभा राहायचो, आतून आवाज यायचा, "मामाजी, गाडी?"

"थांब."

गाडी जायची. भांडी शांत व्हायची.

"आता बोल. चार मिनिटं आहेत."

बत्तीस वर्षं मी गाडीसाठी रूळ मोकळा केला, आता सुनेसाठी कान मोकळे करत होतो. सेवानिवृत्त माणसाला अशी ड्यूटी मिळाली की भूक चांगली लागते.

आता खिळ्यांचं. गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या ती पूर्वीपासून खिळ्याला टोचते. तसेच चार खिळे तिनं मशीनच्या वरच्या भिंतीत ठोकले आणि खडूनं खाली लिहिलं: लिहिलं, काढलं, जोडलं, टाकलं. प्रत्येक व्हिडिओची एक चिठ्ठी. काम झालं की चिठ्ठी एका खिळ्यावरून पुढच्या खिळ्यावर. कोणाला काही विचारायला नको, भिंत बघितली की कळलं कुठं काय आहे. आमच्या स्टेशनमास्तरजवळसुद्धा इतकं सोपं नव्हतं.

आणि लागतात तीन, तर ज्या हप्त्यात जमेल त्या हप्त्यात एखादा जास्त काढायचा. तो शिलकीत. एका हप्त्यात योगराजची मावशी आजारी पडली म्हणून ही दोन दिवस आमगावला गेली, तेव्हा शिलकीतला एक खपला. परत आल्यावर तिनं भरून काढला.

लोकांना शंका यायचीच. पार्वताबाईनं एकदा पकडलं. "काऊन वो शामकला, मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी, तिन्ही दिवस त्याच हिरव्या बांगड्या? एकच दिवशी काढून ठेवते काय?"

"हो, एकच दिवशी काढतो."

"म्हणजे ताजं न्हाई."

"तुमी लोणचं रोज घालता काय?"

पार्वताबाई भिंतीवरून उतरली, पण शामकला त्या सोमवारपासून व्हिडिओगणिक बांगड्या आणि टेबलावरची चादर बदलू लागली. लोकांना तेवढंच हवं असतं.

सहा हप्ते असे गेले. अठरा व्हिडिओ, अठराही बाराला. दिवाळी जवळ आली आणि ब्लाउजांचा ढीग लागला, पण ढिगानं काही अडलं नाही, कारण रविवार-सोमवार-बुधवार-शुक्रवार हे काम जेवणासारखं झालं होतं. बाकी वेळ गिऱ्हाइकांचा. मला वाटलं, झालं, आता सुटलो.

सातव्या हप्त्याच्या आदल्या रविवारी संध्याकाळी शामकला थंडीनं कुडकुडायला लागली. तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. सोमवारी सकाळी योगराजनं तिला दवाखान्यात नेलं, रक्त काढलं, मलेरिया निघाला. आमच्या जंगलाच्या भागात हे नवीन नाही. गोळ्या दिल्या, नर्सबाई म्हणाली, आठ दिवस उठायचं नाही.

ती डोळे मिटून पडलेली आणि मी ओसरीत येरझाऱ्या घालत होतो. सोमवारच काढण्याचा दिवस. आठव्या हप्त्याचे तीन त्या दिवशी काढायचे होते. सात हप्ते होऊन आठव्यात घसरलं तर दरेकशाच्या बायांना काय सांगायचं?

योगराज म्हणाला, "बाबूजी, मॅडमले फोन करून सांगतो, माणूस बिमार आहे म्हणून."

"थांब," मी म्हणालो. "आधी भिंत पाहू."

'टाकलं'च्या खिळ्यावर सातव्या हप्त्याच्या तीन चिठ्ठ्या होत्या, म्हणजे तो हप्ता शुक्रवारीच लागून गेला होता. 'जोडलं'वर दोन: 'पाठ वर चढते' आणि 'टक्सचं टोक फुगते'. या शिलकीतल्या. आणि 'काढलं'वर एक: 'हुकपट्टीत फट पडते'. दोन आणि एक तीन. मी पुन्हा मोजलं. तीनच.

मी आत जाऊन हळूच सांगितलं. ती डोळे न उघडता म्हणाली, "हुकपट्टीचा आवाज भरून झाला आहे, मामाजी. फक्त जोडाचा आहे."

"मग झालं तर. झोप."

मंगळवारी दुपारी बाराला सातव्या हप्त्याचा पहिला व्हिडिओ आला. बारा वाजून दहा मिनिटांनी पार्वताबाई आली, हातात मोबाइल, तोंडावर राग.

"ताप आहे म्हणते, अन् इथं तं बाही लावून राहिली मस्त. माणसाले फसवता काय?"

मी तिला आत नेऊन शामकला दाखवली. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. पार्वताबाईनं एकदा मोबाइलकडे पाहिलं, एकदा खाटेकडे. मग घरी गेली आणि भाताची पेज घेऊन आली. चार दिवस रोज आणली. तोंड कसंही असलं तरी बाई मनाची चांगली आहे.

बुधवारी ताप उतरला, अशक्तपणा राहिला. गुरुवारी दुपारी शामकला म्हणाली, "मोबाइल द्या." उशीला टेकून बसली. आता विचार करा, त्या दिवशी तिला लिहायला सांगितलं असतं तर डोकं चाललं नसतं. काढायला सांगितलं असतं तर उभं राहवलं नसतं. बोलायला सांगितलं असतं तर आवाज घोगरा. पण ते सगळं आधीच होऊन गेलं होतं. उरलं होतं नुसतं बोटाचं काम. हातांचे तुकडे आवाजाच्या खाली लावायचे, फालतू भाग कापायचा, पहिल्या ओळीची अक्षरं वर टाकायची. दहा मिनिटं करायची, पडायची, पुन्हा उठायची. संध्याकाळपर्यंत झालं. तिनं मला खूण केली, मी चिठ्ठी उचलून पुढच्या खिळ्यावर लावली.

शुक्रवारी कार्ड घेऊन मी स्वतः बाजारात गेलो, योगराजला सुटी नव्हती. बघतो तर उदारामच्या दुकानात दिवाळीची रंगरंगोटी, कॉम्प्युटरवर प्लास्टिक, उदाराम शिडीवर.

"दिवाळी झाल्यावर या, बाबाजी. आज सगळं बंद आहे."

"दिवाळी झाल्यावर येईन तं माझा श्राद्धाचा फॉर्म पण आताच भरून ठेव. सून बिमार पडून काम करून राहिली, अन् तुले रंग लावाची पडली?"

"बाबाजी, प्लास्टिक काढलं तं रंग उडते."

"मी धरतो प्लास्टिक. तू चढव."

खरंच सांगतो, अर्धा तास मी प्लास्टिक छत्रीसारखं धरून उभा होतो आणि उदाराम खाली बसून व्हिडिओ चढवत होता. पेंटर माझ्या टोपीवर निळा थेंब टाकून गेला. तारखा लागल्या: सहा, आठ, दहा. वेळ लावताना मी म्हटलं, "दाखव." त्यानं बाराच लावले होते, पण रात्रीचे. इंग्रजीतली ती एएम-पीएमची अक्षरं मला कळत नाहीत, पण रेल्वेचं घड्याळ कळते. रेल्वेत दुपारचे बारा म्हणजे बारा, रात्रीचे म्हणजे शून्य. मी म्हणालो, "चोवीस तासांचं घड्याळ लावून दाखव, किती होतात?" त्यानं लावलं. शून्य शून्य शून्य शून्य.

"अरे बापा," उदाराम म्हणाला, आणि तिन्ही दुरुस्त केले. पुन्हा उघडून दाखवले. बारा, बारा, बारा. मगच मी प्लास्टिक सोडलं.

मंगळवारी व्हिडिओ बाराला आला. बुधवारी लक्ष्मीपूजन झालं. गुरुवारी आला. शनिवारी सकाळपासून आम्ही तिघं काही ना काही करत होतो आणि कोणी घड्याळाकडे बघत नाही असं दाखवत होतो. बारा वाजले. शामकलानं मोबाइल पाहिला, माझ्याकडे वळवला. हुकपट्टी होती. तिचे हात होते, लाल बांगड्यांतले.

तिनं मोबाइल खाली ठेवला आणि मोठा श्वास सोडला, मशीनचा पट्टा सैल करावा तसा. योगराज म्हणाला, "आता झोप." ती म्हणाली, "हो," आणि खरंच झोपली, थेट चहापर्यंत.

मॅडमचा फोन सोमवारी आला. "चोबीस में चोबीस, शामकला. और तुम बीमार थी, ये तुमने मुझे बताया ही नहीं. किसी और ने बताया."

"सांगाचं काय होतं, मॅडम? काम तं होऊन गेलं होतं."

"क्लास सालेकसा में पक्का. डिसेंबर से. और अब थोड़े दिन व्हिडिओ मत करना, आराम करो."

शामकलानं फोन कानाशी धरून भिंतीकडे पाहिलं आणि जरा लाजून म्हणाली, "मॅडम, काल रविवार होता ना. मी बसल्या बसल्या तीन लिहून टाकले."

डिसेंबरात पहिल्या दिवशी अकरा बाया आल्या. दरेकशाच्या सहाही होत्या, सकाळच्या गाडीनं. त्यातली सुशीलाबाई पन्नाशीची. तिनं आयुष्यात पहिल्यांदा घरच्या कामासाठी नव्हे तर स्वतःसाठी गाडी पकडली होती, असं तीच म्हणाली. ओसरी पूर्ण भरली. मला बसायला जागा राहिली नाही. मी खुर्ची उचलून अंगणात कडुलिंबाखाली टाकली आणि तिथून आतलं ऐकत बसलो. शामकला म्हणत होती, "घाबरू नका वो बाई, कापड आहे, उसवता येते."